पोर्टफोलिओची एकूण जोखीम घटकांमध्ये कशी वाटायची? सीमांत आणि घटक योगदान

एका गुंतवणूकदाराचे ५०% पैसे शेअर निर्देशांक फंडात, ३०% सरकारी रोख्यांच्या फंडात आणि २०% सोन्यात आहेत. पैशांची वाटणी उघड दिसते, पण जोखमीची वाटणीही ५०:३०:२० अशीच असेल का? तशी ती नसते. या पाठात आपण एकाच उदाहरणावरून ही दुसरी वाटणी काढायला शिकू आणि तिचा अर्थ कुठपर्यंत घेता येतो तेही पाहू.

उदाहरणातील आकडे

येथे जोखीम म्हणजे परताव्याचे वार्षिक प्रमाण विचलन. समजा, ते शेअरसाठी २०%, रोख्यांसाठी ५% आणि सोन्यासाठी १५% आहे. शेअर व रोखे यांचा सहसंबंध ०.१, शेअर व सोने यांचा −०.२, तर रोखे व सोने यांचा ०.२ मानू. हे आकडे गणितासाठी घेतले आहेत.

पहिला विचार असा सुचतो की प्रत्येक भाराला त्या घटकाच्या जोखमीने गुणावे: ०.५ × २० = १०, ०.३ × ५ = १.५ आणि ०.२ × १५ = ३. बेरीज १४.५% येते. परंतु पोर्टफोलिओची खरी जोखीम १०.२% आहे (ती आपण खाली काढणार आहोत). तिन्ही घटक एकाच वेळी एकाच दिशेने हलत नसल्यामुळे ४.३ एवढी जोखीम नाहीशी झाली. हा फायदा कोणत्या घटकाच्या नावावर किती मांडायचा, हाच आपला प्रश्न आहे.

सीमांत योगदान

अर्थशास्त्रातील सीमांत उपयोगितेप्रमाणेच येथेही विचारायचे असते की एखाद्या घटकाचा भार किंचित वाढवला, बाकीचे भार तसेच ठेवले, तर एकूण जोखीम कोणत्या दराने बदलते? वाढीव भारासाठी लागणारा पैसा जोखीमरहित रोकडीतून येतो असे धरलेले असते. गणिताच्या भाषेत हा एकूण जोखमीचा त्या भारासापेक्ष आंशिक विकलज आहे:

MCR_i = ∂σ_p / ∂w_i = Cov(i, p) / σ_p

Cov(i, p) म्हणजे त्या घटकाचे संपूर्ण पोर्टफोलिओशी असलेले सहप्रचरण. ते काढण्यासाठी घटकाचे प्रत्येक घटकाशी (स्वतःशीसुद्धा) असलेले सहप्रचरण संबंधित भाराने गुणून बेरीज करतात.

दोन घटकांचे सहप्रचरण म्हणजे त्यांचा सहसंबंध गुणिले दोघांची प्रमाण विचलने. म्हणून शेअर-रोखे १०, शेअर-सोने −६० आणि रोखे-सोने १५. स्वतःशी असलेले सहप्रचरण म्हणजे प्रचरण: अनुक्रमे ४००, २५ आणि २२५. आता,

शेअर: ०.५×४०० + ०.३×१० + ०.२×(−६०) = १९१
रोखे: ०.५×१० + ०.३×२५ + ०.२×१५ = १५.५
सोने: ०.५×(−६०) + ०.३×१५ + ०.२×२२५ = १९.५

या तीन आकड्यांना आपापल्या भाराने गुणून बेरीज केली की पोर्टफोलिओचे प्रचरण मिळते: ९५.५ + ४.६५ + ३.९ = १०४.०५. त्याचे वर्गमूळ १०.२, म्हणून σ_p = १०.२%.

घटक योगदान

सीमांत योगदान हा दर आहे. त्याला घटकाच्या भाराने गुणले की घटक योगदान मिळते: CCR_i = w_i × MCR_i.

| घटक | भार | सीमांत योगदान | घटक योगदान | जोखमीतील वाटा |
|---|---|---|---|---|
| शेअर | ०.५ | १८.७३ | ९.३६ | ९१.८% |
| रोखे | ०.३ | १.५२ | ०.४६ | ४.५% |
| सोने | ०.२ | १.९१ | ०.३८ | ३.७% |
| एकूण | १.० | | १०.२० | १००% |

घटक योगदानांची बेरीज बरोबर एकूण जोखमीएवढी येते, हा योगायोग नाही. सर्व भार दुप्पट केले तर प्रमाण विचलनही दुप्पट होते. म्हणजे ते भारांचे पहिल्या घाताचे समघाती फल आहे. अशा फलासाठी ऑयलरचे प्रमेय सांगते की प्रत्येक चल गुणिले त्याचा आंशिक विकलज यांची बेरीज मूळ फलाइतकीच असते. त्यामुळे आपल्या गणिताची तपासणीही सोपी होते. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चूक आहे, बहुधा सहप्रचरण घेताना.

तक्ता काय सांगतो? पैसे अर्धेच शेअरमध्ये असले तरी जोखमीचा नऊ-दशांशाहून अधिक भाग शेअरचा आहे. सोने एकटे पाहिले तर रोख्यांच्या तिप्पट अस्थिर. तरी त्याचे योगदान रोख्यांपेक्षा कमी आहे, कारण ते शेअरच्या उलट दिशेने थोडे झुकते.

सीमांत योगदानाचा उपयोग लहान फेरबदलासाठी होतो. शेअरचा भार ०.५० वरून ०.४९ आणि सोन्याचा ०.२० वरून ०.२१ केला, तर जोखमीतील अपेक्षित बदल ०.०१ × (१.९१ − १८.७३) = −०.१६८. पूर्ण गणित पुन्हा केले तर नवी जोखीम १०.०३५% येते, म्हणजे प्रत्यक्ष घट ०.१६६. अंदाज जवळजवळ अचूक ठरला.

येथे गफलत होते

घटक योगदान ०.३८ आहे, म्हणून सोने विकून पैसे रोकडीत ठेवले तर जोखीम ०.३८ ने कमी होईल, असा निष्कर्ष अनेक विद्यार्थी काढतात. तपासून पाहू. सोन्याचा भार शून्य केला की प्रचरण १०५.२५ आणि जोखीम १०.२६% होते. जोखीम घटण्याऐवजी वाढली!

याचे कारण असे की सीमांत योगदान स्थिर नसते; ते घटकाच्या स्वतःच्या भाराबरोबर बदलते. सोन्याचा भार w असेल तर त्याचे पोर्टफोलिओशी सहप्रचरण −२५.५ + २२५w. भार शून्याजवळ असताना ते ऋण आहे, म्हणजे सोन्याचा पहिला तुकडा जोखीम कमी करतो. भार सुमारे ०.११३ झाला की ते शून्य होते आणि त्यापुढे प्रत्येक वाढीव तुकडा जोखीम वाढवतो. आपण ०.२ वर उभे आहोत, म्हणून तक्त्यात धन आकडा दिसतो. सोने ११ टक्क्यांच्या आसपास आणून उरलेले पैसे रोकडीत ठेवले तर जोखीम सुमारे १०.१२% पर्यंत उतरते. सगळेच विकले तर तो फायदाही जातो.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. ‘सध्याच्या जोखमीत कोणाचा किती वाटा?’ याचे उत्तर घटक योगदान देते. ‘हा घटक काढला तर काय होईल?’ याचे उत्तर हवे असेल तर त्या घटकाशिवाय जोखीम पुन्हा काढून वजाबाकी करावी लागते. अशा वजाबाक्यांची बेरीज एकूण जोखमीएवढी येत नाही.

स्वाध्याय

शेअर व सोने यांचा सहसंबंध −०.२ ऐवजी ०.२ घ्या, बाकी सर्व तसेच ठेवा. एकूण जोखीम आणि सोन्याचा वाटा काढा.

उत्तर: जोखीम ११.३२%, सोन्याचे घटक योगदान १.४१, म्हणजे १२.४% वाटा. एकूण जोखीम सुमारे एक-नवमांशानेच वाढली, पण सोन्याचा वाटा तिपटीहून जास्त झाला. सहसंबंध मागील काळातील परताव्यांवरून अंदाजलेले असतात आणि बदलत राहतात. त्यामुळे एकूण आकड्यापेक्षा वाटण्यांचे आकडे अधिक सावधपणे वाचावेत.