न ऐकल्यास कोणाचं बिघडेल?

‘वेट आउटसाइड.’ इंग्रजीतलं दोन शब्दांचं वाक्य. हेडमास्तर उशिरा आलेल्या मुलाला हे म्हणतात, बँकेतली क्लार्क रांगेतल्या आजोबांना ‘प्लीज’ जोडून म्हणते, आणि ‘आत साहेब तापलेत’ हे ठाऊक असलेला शिपाई ओळखीच्या माणसाला हळूच म्हणतो. शब्द तेच, पण ‘इनडायरेक्ट स्पीचमध्ये लिहा’ असा प्रश्न आला की तिघांची उत्तरं वेगळी होतात. हेडमास्तर ‘टोल्ड हिम टू वेट आउटसाइड’, क्लार्क ‘आस्क्ड हिम टू वेट आउटसाइड’ आणि शिपाई ‘ॲडव्हाइज्ड हिम टू वेट आउटसाइड’. मागचा भाग तिन्हीकडे सारखा आहे. बदललंय ते फक्त पुढचं क्रियापद, आणि मुलं चुकतात तीही बहुधा तिथेच.

खरं तर डायरेक्ट-इनडायरेक्टच्या धड्यातला हा सगळ्यात सोपा भाग. एरवी मुलांची तारांबळ उडते ती काळ मागे ढकलताना: ‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’, ‘हॅव’चं ‘हॅड’. आज्ञेच्या वाक्यात ती भानगडच नाही. ‘टू वेट’ या रूपाला काळ नसतो, त्यामुळे ढकलायला काही उरतच नाही. अवतरणचिन्हं पुसली, ‘सेड टू’ काढलं, मूळ क्रियापदाआधी ‘टू’ लावलं की सांगाडा उभा राहतो. आज्ञार्थी वाक्यात कर्ता दिसत नाही, ऐकणारा गृहीत असतो. तो आता ‘टोल्ड’च्या लगेच पुढे येऊन उभा राहतो, कारण कोणाला सांगितलं हे ‘टोल्ड’ला लागतंच. इथे आपल्याकडची मुलं ‘टोल्ड टू हिम’ लिहितात. ‘सेड टू हिम’मधला ‘टू’ हातातून सुटत नाही, शिवाय मराठीतला ‘त्याला’मधला ‘ला’ही खुणावत असतो. ‘टोल्ड’, ‘आस्क्ड’, ‘ॲडव्हाइज्ड’ या तिघांनाही माणूस थेट लागतो. मध्ये काही नको.

आता ते क्रियापद निवडायचं कसं? ‘प्लीज’ दिसलं की ‘आस्क्ड’, डॉक्टर दिसला की ‘ॲडव्हाइज्ड’, बाकी सगळीकडे ‘टोल्ड’ अशी गाइडछाप युक्ती बऱ्याच वर्गांत चालते. ती पुष्कळदा बरोबर येते, आणि म्हणूनच फसवते. डॉक्टर कंपाउंडरला ‘ती फाइल आण’ म्हणतो, तेव्हा तो काही सल्ला देत नसतो. त्यापेक्षा एक प्रश्न विचारून पाहावा: ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही, तर कोणाचं बिघडेल? बोलणाऱ्याचा हुकूम मोडला, एवढंच झालं तर ‘टोल्ड’. बोलणाऱ्याचं काम अडलं आणि समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक होती, तर ‘आस्क्ड’. नुकसान ऐकणाऱ्याचंच होणार असेल, तर ‘ॲडव्हाइज्ड’.

ही कसोटी वापरायची तर वाक्यात माणसं दिसायला हवीत. व्यवसायमालेत नुसतं ‘ही सेड टू हर, “क्लोज द डोअर”’ असं छापलेलं असतं. तो कोण, ती कोण, काही पत्ता नाही. अशा वेळी ‘टोल्ड’ आणि ‘आस्क्ड’ दोन्ही बरोबर धरायला हवेत, आणि एकच उत्तर तपासून दुसऱ्यावर काट मारणारा परीक्षक माझ्या मते चुकतो. रेन आणि मार्टिन यांच्या प्रसिद्ध व्याकरणात ‘ऑर्डर्ड’, ‘कमांडेड’, ‘रिक्वेस्टेड’ अशी भारदस्त क्रियापदंही भेटतात. यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच लष्करातल्या शिपायांची कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन, ते मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते. ‘कमांडेड’ शिपायांना शोभतं. आईनं मुलाला दूध प्यायला ‘कमांड’ केलं असं लिहिलं, की वाचणाऱ्याला हसू येतं.

एक उदाहरण सावकाश सोडवून पाहू. द डॉक्टर सेड टू माय ग्रँडमदर, ‘डोन्ट वॉक अलोन टुडे. प्लीज ब्रिंग माय रिपोर्ट टुमॉरो.’ वाक्यं दोन आहेत आणि जातही दोन. एकटं फिरू नका, हे आजीच्या भल्याचं, म्हणून ‘ॲडव्हाइज्ड’. रिपोर्ट आणायला सांगणं हे डॉक्टरांचं काम, सोबत ‘प्लीज’ही आहे, म्हणून ‘आस्क्ड’. पुढे ‘डोन्ट’. ते जातं आणि त्याच्या जागी ‘नॉट टू’ येतं: ॲडव्हाइज्ड माय ग्रँडमदर नॉट टू वॉक अलोन. अडखळायला होतं ते इथे. मराठीत आपण नकार सुटा ठेवून ‘एकटं फिरू नका म्हणून सांगितलं’ म्हणतो, ‘न फिरायला सांगितलं’ असं कोणी म्हणत नाही. मग मुलं नकार पुढच्या क्रियापदाला चिकटवतात आणि ‘डिड नॉट ॲडव्हाइज हर टू वॉक’ लिहून मोकळी होतात. त्याचा अर्थ होतो, डॉक्टरांनी फिरायचा सल्ला दिला नाही. फिरू नका असं ते म्हणालेच, हे त्यातून निघत नाही.

राहिले ‘माय’, ‘टुडे’, ‘टुमॉरो’. या वाक्यात ‘माय’ दोनदा आहे. ‘माय ग्रँडमदर’मधला माय हा सांगणाऱ्याचा, अवतरणचिन्हांच्या बाहेरचा, म्हणून तो जागचा हलत नाही. ‘माय रिपोर्ट’मधला डॉक्टरांचा, म्हणून तो ‘हिज’ होतो. डॉक्टर बाई असतील तर ‘हर’. ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, आणि ‘प्लीज’ला रजा, कारण त्याचं काम ‘आस्क्ड’नं घेतलं. पूर्ण उत्तर असं: द डॉक्टर ॲडव्हाइज्ड माय ग्रँडमदर नॉट टू वॉक अलोन दॅट डे अँड आस्क्ड हर टू ब्रिंग हिज रिपोर्ट द नेक्स्ट डे.

विनंती दरवेळी आज्ञार्थी रूपात येतेच असं नाही. ‘कुड यू होल्ड माय बॅग?’ हा दिसायला प्रश्न आहे. तो ‘आस्क्ड इफ ही कुड होल्ड’ असा फिरवला, तर व्याकरण ठीक असूनही अर्थ सांडतो: बॅग धरायची ताकद आहे का, अशी चौकशी होते. ‘आस्क्ड हिम टू होल्ड हर बॅग’ हेच हवं. ‘कॅन यू स्विम?’ मात्र खरा प्रश्न, तिथे ‘इफ’. उत्तरादाखल नुसतं ‘हो’ म्हणून माणूस गप्प बसला तर विचित्र वाटेल का, हे पाहावं; वाटत असेल तर ती विनंती. तसंच ‘यू शुड सी अ डेंटिस्ट’ किंवा ‘इफ आय वर यू, आय वुड सी अ डेंटिस्ट’ ही वाक्यं आज्ञार्थी नसली तरी सल्लाच आहेत, म्हणून ‘ॲडव्हाइज्ड हिम टू सी अ डेंटिस्ट’.

‘लेट्स गो’ मात्र या घरातलं नाही. तिथे ‘सजेस्टेड’ येतं, आणि सजेस्टेडला हा साचा चालत नाही. ‘ही सजेस्टेड मी टू गो’ हे ऑफिसच्या ई-मेलमध्ये रोज दिसतं, तरी चूकच. ‘सजेस्टेड गोइंग’ किंवा ‘सजेस्टेड दॅट वी शुड गो’ लिहावं.

‘आस्क्ड’मध्ये एक जास्तीची खोच आहे. ‘टोल्ड’मधला माणूस गाळला तर वाक्य मोडतं, ‘आस्क्ड’मधला गाळला तर ते मोडत नाही, पण अर्थ फिरतो. ‘शी आस्क्ड मी टू लीव्ह’ म्हणजे तिनं मला जायला सांगितलं. ‘शी आस्क्ड टू लीव्ह’ म्हणजे तिनं स्वतः जाण्याची परवानगी मागितली. उलट्या बाजूनं, म्हणजे इनडायरेक्टचं डायरेक्ट करताना, पहिल्याचं होतं ‘प्लीज लीव्ह’ आणि दुसऱ्याचं ‘मे आय लीव्ह?’. घाईत एक ‘मी’ सुटला, की पाहुण्याला घराबाहेर काढणारी बाई रजा मागणारी बाई होते.