सोसायटीची वार्षिक सभा: सूचनेच्या कागदात काय असते?

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेची सूचना चौदा पूर्ण दिवस आधी सभासदांना द्यायची असते, आणि सूचना देण्याचा व सभेचा दिवस या चौदांत धरत नाहीत. 2025 मध्ये रविवार 21 सप्टेंबरला सभा घ्यायची तर सूचना 6 सप्टेंबरपर्यंत सभासदांच्या हाती पडायला हवी होती. तो नेमका अनंत चतुर्दशीचा दिवस. गणपतीच्या धामधुमीत हा हिशेब चुकतो आणि पुढे सभेच्या वैधतेवरच हरकत येते.

सूचनेत सभेचे ठिकाण, तारीख, वेळ आणि विषयपत्रिका असते. त्याखेरीज एक ओळ महत्त्वाची असते: गणपूर्ती झाली नाही तर काय? आदर्श उपविधींनुसार एकूण सभासदांपैकी दोनतृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद हजर लागतात. चोवीस सदनिकांच्या, म्हणजे चोवीस सभासदांच्या सोसायटीत ही संख्या सोळा होते. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि सूचनेत नमूद केले असल्यास त्याच दिवशी नंतरच्या वेळेला भरते. या तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. बऱ्याच सोसायट्यांचे मोठे निर्णय अशा मूठभर लोकांच्या सभेतच होतात, आणि ते सर्वांवर बंधनकारक असतात.

विषयपत्रिकेतले पहिले विषय ठरलेले आहेत: मागील सभेचे इतिवृत्त, समितीचा अहवाल, 31 मार्चअखेरचे हिशेब, लेखापरीक्षण अहवाल व त्यावरील दोषदुरुस्ती अहवाल, शासनाच्या नामिकेतून लेखापरीक्षकाची नेमणूक आणि पुढील वर्षाचे अंदाजपत्रक. यांत खरा मजकूर हिशेबाच्या विषयात असतो, आणि तोच सर्वांत घाईने ‘मंजूर, मंजूर’ म्हणून उरकला जातो.

वरच्याच चोवीस सदनिकांच्या सोसायटीचे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. उत्पन्न-खर्च पत्रकात 1,10,000 रुपये वाढावा दिसतो. ताळेबंदात मात्र सभासदांकडील थकबाकी 3,40,000 रुपये आहे. देखभालीची बिले निघाली की ती उत्पन्नात धरली जातात, पैसे आले असोत वा नसोत. म्हणून वाढावा दिसला तरी बँकेत पैसा असेलच असे नाही. दुसरी जागा सिंकिंग फंडाची. ताळेबंदात देण्यांच्या बाजूला हा निधी 6,00,000 आहे, पण मालमत्तेच्या बाजूला त्यापोटीची मुदत ठेव 4,00,000 चीच आहे. राहिलेले दोन लाख कुठेतरी रोजच्या खर्चात गेले असण्याची शक्यता मोठी. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायला सनदी लेखापाल असावे लागत नाही. विचारायचे ते आठवडाभर आधी सचिवांकडे लेखी दिले तर उत्तरही कागदपत्रांसह मिळते. सभेत उभे राहून विचारले की बहुधा ‘बघून सांगतो’ एवढेच ऐकू येते.

यानंतर मतदानाचे विषय. ‘इमारतीच्या रंगकामाबाबत विचार करणे’ असा मोघम विषय लिहिणे ही समित्यांची जुनी खोड. त्याऐवजी विषय असा हवा: ‘बाहेरील रंगकामासाठी आलेल्या तीन दरपत्रकांपैकी एक निवडणे, अंदाजे खर्च 12,00,000 रुपये, दुरुस्ती निधीतून 4,80,000, उरलेले 7,20,000 सभासदांकडून, प्रति सदनिका 30,000.’ एवढे वाचल्यावर सभेला न येणारा सभासदही येतो. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या शेवटच्या कलमाखाली असा खर्च मंजूर करता येत नाही; ज्या विषयाला आधी सूचना लागते तो तिथे बसत नाही.

मत एका सभासदाला एकच, सदनिका कितीही असोत. संयुक्त मालकी असेल तर भाग दाखल्यावर पहिले नाव असणाऱ्याचे मत धरतात आणि तो गैरहजर असेल तर त्याच्या पुढच्या नावाचे. सभासदाऐवजी मुखत्यारपत्रधारकाला सर्वसाधारण सभेत बसता येत नाही. समजा अठरा सभासद हजर आहेत, नऊ बाजूने, सहा विरुद्ध आणि तिघे तटस्थ. हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत मोजायचे असल्याने रंगकाम नऊ विरुद्ध सहा असे मंजूर होते. समसमान मते पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असते. सूचक, अनुमोदक आणि मतांचे आकडे ठरावाखाली इतिवृत्तात यायला हवेत. नुसते ‘चर्चेअंती संमत’ लिहिले तर पुढे वाद झाल्यावर काहीच हाती लागत नाही.

उपविधी दुरुस्तीचा विषय मात्र याच मतांनी पडला असता. तिथे मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश, म्हणजे पंधरापैकी दहा मते लागतात. शिवाय सभेने मंजूर केलेली दुरुस्तीही निबंधकांनी नोंदवल्यानंतरच लागू होते.