च्युइंगमवर इस्त्री फिरवू नका

कपड्याला च्युइंगम चिकटलं की घरोघरी एकच सल्ला मिळतो: गरम पाण्यात बुडवा, नाहीतर वर कागद ठेवून इस्त्री फिरवा. थोडं च्युइंगम कागदाला लागतं खरं, पण उरलेलं पातळ होऊन धाग्यांच्या आत उतरतं आणि मग हट्टाने तिथेच बसतं. हा सल्ला आता थांबायला हवा.

च्युइंगम चघळताना साखर आणि स्वाद लाळेत विरघळतात, गोळा मात्र उरतो. तो गोळा म्हणजे रबरासारखी पॉलिमर, रेझिन आणि मेण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत (कलम 172.615) या घटकांची यादीच आहे, त्यात ब्यूटाइल रबर आणि पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटही आहेत. हे घटक पाण्यात विरघळत नाहीत. गरम पाण्याने ते फक्त मऊ होतात.

थंडीचं काम याच्या उलट. टेरिकॉटची पँट प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये तास-दोन तास ठेवा. उणे 18 अंशांच्या आसपास गोळा ताठर होतो आणि धाग्यावरची पकड सोडतो. बाहेर काढताच चमच्याच्या बोथट कडेने उचला. गोळा ताणला जाऊ लागला, तर तो पुन्हा मऊ झाला आहे. पँट परत फ्रीझरमध्ये ठेवा. शेवटी उरलेल्या पापुद्र्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळा. चॉकलेटबरोबर चघळलेलं च्युइंगम तोंडात विरतं, तेही चॉकलेटमधल्या चरबीमुळेच. मग भांडी घासायच्या लिक्विडने तेल काढा.

धाग्याप्रमाणे निकाल बदलतो. सुती धाग्याला बारीक लव असते, त्यामुळे च्युइंगम त्यात गुंतून बसतं. पण सूत चोळणं सोसतं. पॉलिएस्टरचा धागा गुळगुळीत असल्याने गोळा सहज सुटतो, मात्र त्याला तेलाची ओढ असते, म्हणून धुण्याआधी तेल नीट काढा. रेशीम खरवडलं तर तंतू तुटतात; तिथे नुसतं गोठवून हलकेच उचला. लोकर कोमट पाण्यात चोळली की आटते.

आणखी काही गैरसमज:

“टेपचा चिकटाही बर्फाने निघतो.” बहुधा नाही. टेपचा गोंद घरच्या फ्रीझरच्या थंडीतही पुरेसा कडक होत नाही. त्याला तेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का ते पाहा.

“नेलपॉलिश रिमूव्हर सगळ्याला चालतो.” मुळीच नाही. त्यातल्या अ‍ॅसिटोनमध्ये अ‍ॅसिटेटचं कापड विरघळतं. प्रयोगशाळेत हा धागा ओळखतात, तेही अ‍ॅसिटोननेच. म्हणून अ‍ॅसिटेटच्या चकचकीत अस्तरावर रिमूव्हर थेंबभरही नको.

“जोरात चोळलं की निघतं.” उलट डाग पसरतो. काठाकडून मध्याकडे टिपत या.