मग काय झाले, तेव्हा काय होते : फ्रेंचमधले दोन भूतकाळ

फ्रेंचमध्ये बोलताना भूतकाळातली साधी गोष्ट सांगायची असली, तरी प्रत्येक क्रियापदापाशी एक निवड करावी लागते. घडून गेलेली, पुरी झालेली घटना ‘पासे काँपोजे’ या काळात जाते. त्या घटनेच्या भोवतीची परिस्थिती, म्हणजे हवा कशी होती, कोण काय करत होते, मनात काय चालले होते, हे ‘अँपार्फे’ या काळात जाते. नियम एवढाच. तरीही नव्याने शिकणारे इथे बराच काळ अडखळतात. त्याचे कारण असे की ही निवड क्रियापदाच्या अर्थावर ठरत नाही आणि क्रिया किती वेळ चालली यावरही ठरत नाही. सांगणारा त्या क्रियेकडे कुठून पाहतो, यावर ती ठरते. (फ्रेंच वाक्ये पुढे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.)

रूपे बनवणे त्यामानाने सोपे आहे. अँपार्फेसाठी वर्तमानकाळातले ‘आम्ही’चे रूप घ्यायचे, त्याच्या शेवटचा ‘ओं’ काढायचा आणि नवे प्रत्यय लावायचे. ‘नू पार्लों’ म्हणजे आम्ही बोलतो. त्यावरून ‘ज पार्लॅ’, मी बोलत होतो. या रीतीला एकच क्रियापद अपवाद आहे : ‘एत्र’, म्हणजे असणे. त्याचे रूप ‘ज एतॅ’ होते. पासे काँपोजे दोन शब्दांचा असतो. आधी ‘आव्ह्वार’ किंवा ‘एत्र’ या साहाय्यक क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप येते आणि मागोमाग मुख्य क्रियापदाचे कृदंत. बहुतेक क्रियापदे ‘आव्ह्वार’ घेतात. जाणे, येणे, निघणे, आत शिरणे, बाहेर पडणे, राहणे, जन्मणे, मरणे अशी थोडी क्रियापदे आणि सगळी आत्मवाचक क्रियापदे ‘एत्र’ घेतात.

कानाला मात्र दोन्ही काळ फार जवळचे वाटतात. ‘जे माँजे’ म्हणजे मी जेवलो आणि ‘ज माँजॅ’ म्हणजे मी जेवत होतो. शेवटच्या स्वरातला फरक बारीक आहे आणि फ्रान्सच्या काही भागांतल्या बोलण्यात तो आणखी पुसट होतो. म्हणून ऐकताना शेवटापेक्षा सुरुवातीकडे लक्ष द्यावे. ‘जे’ ऐकू आले तर साहाय्यक क्रियापद आहे, म्हणजे घटना पुरी झाली. नुसता ‘ज’ ऐकू आला तर ते वर्णन आहे. बोलणाऱ्यानेही हे दोन आवाज स्पष्ट वेगळे काढले पाहिजेत. नाहीतर व्याकरण बरोबर असूनही ऐकणाऱ्याला उलटेच कळते.

आता एक छोटा प्रसंग घेऊ. माणूस सांगतो आहे : हिवाळ्याची संध्याकाळ होती. पाऊस पडत होता. माझ्याकडे छत्री नव्हती. मी एका कॅफेत शिरलो. आत लोक पत्ते खेळत होते. मी कॉफी मागवली. भूक लागली होती, म्हणून सँडविचही घेतले. दोन तास तिथेच बसलो होतो. बाहेर पडलो, तेव्हा पाऊस थांबला होता.

प्रत्येक वाक्याला विचारायचा प्रश्न असा : हे वाक्य ‘मग काय झाले?’ याचे उत्तर आहे, की ‘तेव्हा काय परिस्थिती होती?’ याचे? पहिली तीन वाक्ये उघडच परिस्थिती सांगतात. संध्याकाळ, पाऊस, छत्री नसणे यांतल्या एकानेही गोष्ट पुढे सरकत नाही. म्हणून तिन्ही अँपार्फेमध्ये जातात : ‘सेतॅ अँ स्वार दिव्हेर’, ‘इल प्लव्हॅ’, ‘ज नाव्हॅ पा द पाराप्लुई’. चौथ्या वाक्याला गोष्ट हलते. माणूस रस्त्यावर होता, तो आत आला. ‘ज सुइ आँत्रे दाँझँ काफे’, हा पासे काँपोजे. आत शिरताच नवी परिस्थिती दिसते. पत्त्यांचा डाव तो येण्याआधीच सुरू होता आणि कधी संपला ते कथेला नको आहे, म्हणून ‘दे जाँ ज्वॅ ओ कार्त’, पुन्हा अँपार्फे. कॉफी मागवणे ही पुढची पायरी : ‘जे कोमाँदे अँ काफे’.

इथपर्यंत मराठी भाषकाला काहीच जड जात नाही. ‘पडत होता’, ‘खेळत होते’ या रूपांना अँपार्फे आणि ‘शिरलो’, ‘मागवली’ या रूपांना पासे काँपोजे, असे सरळ जुळते. ‘मी लहानपणी रोज नदीवर जायचो’ यातले सवयीचे ‘जायचो’ही अँपार्फेमध्येच बसते. मराठीत हा भेद आधीच आहे, ही शिकणाऱ्याच्या हातातली मोठी सोय आहे. पण प्रसंगातल्या शेवटच्या तीन वाक्यांत हीच सोय दगा देते, आणि मराठी विद्यार्थ्यांच्या बऱ्याच चुका नेमक्या तिथे सापडतात.

‘भूक लागली होती’ हे रूप मराठीत पूर्ण भूतकाळाचे आहे. म्हणून फ्रेंचमध्येही त्याआधीच्या घटनेचा काळ वापरावा, असे वाटते. पण वाक्याचा आशय काय? कॉफी मागवताना माणूस भुकेला होता, एवढाच. ती त्या क्षणाची अवस्था आहे : ‘जाव्हॅ फँ’, अँपार्फे. मराठी अनेक अवस्था अशाच, झालेल्या क्रियेचा परिणाम म्हणून सांगते. ‘तिने लाल साडी नेसली होती’, ‘तो खुर्चीत बसला होता’, ‘ते दमले होते’ ही सगळी वाक्ये त्या वेळचे दृश्य सांगतात, आणि अशा दृश्यासाठी फ्रेंच अँपार्फे वापरते. ‘पाऊस थांबला होता’ हेही याच जातीचे. फ्रेंच माणूस सहज म्हणेल : ‘काँ ज सुइ सॉर्ती, इल न प्लव्हॅ प्लू’, म्हणजे मी बाहेर पडलो तेव्हा पाऊस पडत नव्हता. बाहेर पडणे ही घटना, पाऊस नसणे ही परिस्थिती.

‘दोन तास बसलो होतो’ यात घसरण उलट दिशेने होते. बसणे ही अवस्था आहे, ती दोन तास टिकली, मग अँपार्फे नको का? नको. दोन तास म्हटल्याबरोबर त्या बसण्याला सुरुवात आणि शेवट मिळाला. सांगणारा आता ते सगळे बाहेरून, एक पुरा तुकडा म्हणून पाहतो. म्हणून ‘ज सुइ रेस्ते दझर’, पासे काँपोजे. ‘मी पाच वर्षे नागपुरात राहत होतो’ आणि ‘तीन दिवस आजारी होतो’ या वाक्यांनाही हेच लागू पडते. मराठीत ‘होतो’ असले, तरी मुदत मोजून बंद केलेली असल्यामुळे फ्रेंचमध्ये पासे काँपोजेच हवा. ‘लांबलेली क्रिया म्हणजे अँपार्फे’ ही समजूत इथे कोलमडते. शंभर वर्षे चाललेले युद्धही एका पासे काँपोजेमध्ये मावते, आणि क्षणभराचे नजर टाकणे, दुसरे काही घडताना ते चालू असेल, तर अँपार्फेमध्ये जाते.

मुदतीच्या या नियमालाही एक बाजू आहे. ‘मी तासभर वाट पाहत होतो आणि तेवढ्यात बस आली’ या वाक्यात तास मोजला आहे, पण वाट पाहणे बस येण्याच्या क्षणी चालूच होते. असा अर्थ असेल तेव्हा फ्रेंचमध्ये मुदतीच्या आधी ‘दप्युई’ हा शब्द येतो आणि क्रियापद अँपार्फेमध्ये राहते : ‘जाताँदॅ दप्युई युनर’. संपलेल्या मुदतीसाठी ‘पाँदाँ’ हा शब्द आहे, आणि त्याच्याबरोबर बहुतेक वेळा पासे काँपोजे येतो.

पाठ्यपुस्तके खुणेच्या शब्दांच्या याद्या देतात : ‘रोज’, ‘नेहमी’, ‘सहसा’ दिसले की अँपार्फे, ‘अचानक’, ‘एके दिवशी’, ‘मग’ दिसले की पासे काँपोजे. सुरुवातीला त्यांचा आधार घ्यायला हरकत नाही, पण त्या शब्दांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. ‘महिनाभर रोज पाऊस पडला’ यात ‘रोज’ आहे, पण महिना संपला आहे, म्हणून पासे काँपोजे. ‘मला समुद्र नेहमीच आवडत आला आहे’ हे फ्रेंचमध्ये ‘जे तुजूर एमे ला मेर’ असे होते. ‘नेहमी’ असूनही पासे काँपोजे, कारण ही आवड आजपर्यंत येऊन पोचते. ‘मी तीनदा पॅरिसला गेलो’ यात क्रिया पुन्हा पुन्हा झाली, पण मोजून झाली, म्हणून तोही पासे काँपोजे. शब्दापेक्षा पूर्ण वाक्याचा आशय पाहावा.

काळ बदलला की अर्थ किती बदलतो, ते एका जोडीत स्वच्छ दिसते. ‘काँ ज सुइ आँत्रे, इल रियॅ’ : मी आत आलो तेव्हा ते हसत होते. हसणे आधीपासून चालू होते, कदाचित दुसऱ्याच कशावर. ‘काँ ज सुइ आँत्रे, इल-झों री’ : मी आत आलो आणि ते हसले. आता हसणे येण्यानंतरचे झाले, आणि ते आपल्यालाच हसले की काय, अशी शंका येणाऱ्याला वाटू शकते. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. चूक झाली, तर ती व्याकरणाची राहत नाही. ऐकणाऱ्यापर्यंत दुसरीच हकीकत पोचते. म्हणूनच शिक्षक ती सुधारेल अशी वाट न पाहता, वाक्य बोलण्याआधी घटनांचा क्रम स्वतः ठरवून घ्यावा.

मनाची आणि जाणिवेची क्रियापदे स्वभावाने अँपार्फेकडे झुकतात, कारण माहीत असणे, हवे असणे, वाटणे या अवस्था आहेत. ती पासे काँपोजेमध्ये आली की अवस्थेऐवजी ती सुरू होण्याचा क्षण दिसतो. ‘ज साव्हॅ’ म्हणजे मला माहीत होते, आणि ‘जे स्यू’ म्हणजे मला कळले. ‘जाव्हॅ पर’ म्हणजे भीती वाटत होती, आणि ‘जे यू पर’ म्हणजे मी घाबरलो. इथे मराठी पुन्हा मदतीला येते : फ्रेंच एकाच क्रियापदाचा काळ बदलून जे साधते, त्यासाठी मराठीत अनेकदा वेगळे क्रियापद आधीच तयार असते. मनात ‘कळले’ आले तर पासे काँपोजे, ‘माहीत होते’ आले तर अँपार्फे.

फ्रेंच कादंबरी उघडल्यावर शिकणाऱ्याला तिसराच काळ भेटतो. लिखित, साहित्यिक कथनात पासे काँपोजेची जागा परंपरेने ‘पासे सँप्ल’ घेतो. हा एका शब्दाचा काळ रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. आल्बेर काम्यूने 1942 मध्ये आलेल्या ‘लेत्राँजे’ या कादंबरीचे कथन बहुतांशी पासे काँपोजेमध्ये केले, आणि साहित्यात बोलीतला काळ असा वापरल्यामुळे त्याची पुष्कळ चर्चा झाली. नवशिक्याने पासे सँप्लची रूपे ओळखता येण्यापुरती शिकली तरी चालते. ती बनवण्याची गरज बोलताना पडत नाही. अशा कादंबरीतही पार्श्वभूमीचे काम अँपार्फेच करतो, आणि बदलतो तो फक्त घटनांचा काळ. त्यामुळे ‘मग काय झाले?’ आणि ‘तेव्हा काय होते?’ हे दोन प्रश्न तिथेही तसेच लागू पडतात.