रजेची मजुरी : एक महिना की बारा आठवडे?

निपाणीत घरी विड्या वळणाऱ्या बाईला हजारी दराने मजुरी मिळते. जितक्या विड्या, तितका पैसा. मग भरपगारी रजेच्या दिवसाचे तिला काय द्यावे? त्या दिवशी तर एकही विडी वळलेली नसते. महिन्याचा ठरीव पगार घेणाऱ्या आम्हां मास्तरमंडळींना हा प्रश्न कधी पडत नाही. नगावर किंवा तासावर राबणाऱ्याला मात्र तो पडतोच, आणि उत्तर मागील कमाईच्या सरासरीतच शोधावे लागते.

1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने रजेच्या आधीच्या एका महिन्याची सरासरी धरली होती. (नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता आल्या व तो कायदा मागे पडला.) ठरावीक तास नसलेल्या कामगारांसाठी ब्रिटनने मात्र मागील बारा आठवडे घेतले होते. दोन्हींत फरक किती पडतो, ते एका हिशेबाने पाहू. आकडे केवळ समजुतीपुरते आहेत.

समजा, एका बाईने आठ आठवडे रोज 200 रुपयांचे, आठवड्यात सहा दिवस काम केले. आठवड्याचे 1200, एकूण 9600. पुढे पावसाळा लागला, पान अपुरे येऊ लागले. चार आठवडे ती चारच दिवस, रोज 150 रुपयांचे काम करू शकली. आठवड्याचे 600, एकूण 2400.

आता तिने सहा दिवसांची रजा घेतली. शेवटच्या चार आठवड्यांत तिने सोळा दिवस काम केले. 2400 भागिले सोळा म्हणजे रोजचे 150, सहा दिवसांचे 900. बारा आठवड्यांची कमाई 12000, आठवड्याची सरासरी 1000. शंभर रुपये अधिक, कारण पावसाळ्याच्या टंचाईमागे उन्हाळ्याची बरकतही हिशेबात आली.

खरी मेख भाजकात असते. कारकुनाने सोळाऐवजी चोवीस दिवसांनी भागले, तर रोजचे 100 आणि सहा दिवसांचे 600 होतात. पान न मिळालेले दिवस बाईच्या माथी मारले जातात! जुन्या कायद्यात प्रत्यक्ष कामाचेच दिवस मोजावयाचे होते, आणि घरी काम करणारीलाही तोच नियम होता.

ब्रिटिश रीतीतही अशीच काळजी होती. ज्या आठवड्यात काहीच मजुरी मिळाली नाही, तो वगळून त्याच्या मागचा आणखी एक आठवडा घ्यावयाचा. आमच्या उदाहरणातला शेवटचा आठवडा कोरा गेला असता, तर 600 वजा होऊन मागचे 1200 जमा झाले असते : एकूण 12600, सरासरी 1050. कोरा आठवडा तसाच मोजला, तर 950 च. एका दिवसाचीही मजुरी मिळालेला आठवडा मात्र वगळता येत नसे. तेथे अर्धे पोट भरलेल्याचे नुकसान होई.

बारा आठवड्यांतही एखादा हंगाम निसटतोच. 6 एप्रिल 2020 पासून ग्रेट ब्रिटनमध्ये बाराऐवजी 52 आठवड्यांची सरासरी धरली जाऊ लागली.