खोकला हृदयाचा की श्वासनलिकेचा? कुत्र्याच्या छातीचा एक्स-रे वाचताना

पॉमेरेनियन, डॅशहुंड यांसारखी लहान चणीची कुत्री म्हातारी झाली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. रात्री खोकतो, घशात काही अडकल्यासारखं करतो, शेवटी थोडा फेस काढतो आणि गप्प पडतो. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा बऱ्याचदा हृदयाचा मर्मर ऐकू येतो, कारण या वयात हृदयाची डावी झडप जाड होऊन नीट मिटेनाशी झालेली असते. मर्मर आहे आणि खोकलाही आहे, म्हणजे फुप्फुसात पाणी झालं असणार, असा निष्कर्ष चटकन निघतो आणि लघवी वाढवणारं औषध सुरू होतं. पण मर्मर आणि खोकला एकाच कुत्र्यात असले तरी दोघांचं कारण एक असेलच असं नाही. त्याचा उलगडा छातीच्या एक्स-रेवर होऊ शकतो.

एक्स-रेवर हवा काळी दिसते, पाणी आणि मांस पांढरट. निरोगी फुप्फुस म्हणूनच काळं असतं आणि त्यात रक्तवाहिन्यांच्या पांढऱ्या फांद्या स्पष्ट दिसतात. आजारी फुप्फुसात पांढरेपणा वाढतो. तो श्वासनलिकांच्या भिंतीत आहे, वायुकोशांत आहे, की या दोन्हींना धरून ठेवणाऱ्या मधल्या ऊतीत आहे, हे डॉक्टर आधी ठरवतात. या तीन प्रकारांना अनुक्रमे ब्राँकियल, अल्व्हिओलर आणि इंटरस्टिशियल म्हणतात.

पहिला प्रकार श्वासनलिकांच्या भिंती सुजण्याचा. भिंत जाड झालेली नलिका समोरून दिसली तर काळ्या फुप्फुसात पांढरी कडी दिसते, आडवी दिसली तर दोन समांतर पांढऱ्या रेघा. डॉक्टर त्यांना ‘डोनट’ आणि ‘ट्रॅम लाइन’ म्हणतात. हृदयाजवळच्या मोठ्या नलिकांच्या भिंती निरोगी कुत्र्यातही दिसतात, त्यामुळे नजर फुप्फुसाच्या कडांकडे न्यावी लागते. तिथेही कड्या दिसत असतील तर जुनाट ब्राँकायटिस, अॅलर्जीची सूज किंवा फुप्फुसातले जंत यांचा विचार करायचा. म्हाताऱ्या कुत्र्यात मात्र या भिंतींत चुना साचून बारीक, रेखीव रेघा दिसतात, त्या आजाराच्या नव्हेत.

दुसऱ्या प्रकारात वायुकोशांतली हवा जाऊन तिथे पाणी, पू किंवा रक्त भरतं. फुप्फुसाचा तेवढा भाग एकसंध पांढरा होतो आणि त्यातल्या रक्तवाहिन्या दिसेनाशा होतात. मोठ्या नलिकेत हवा अजून शिल्लक असेल, तर त्या पांढऱ्या भागातून एक काळी फांदी गेलेली दिसते. ही या प्रकाराची सर्वांत भरवशाची खूण. पण आत पाणी आहे, पू आहे की रक्त, हे नुसत्या पांढऱ्या रंगावरून कळत नाही. ते ठरवायला जागा बघावी लागते. पुढच्या आणि खालच्या भागात, विशेषतः उजव्या मधल्या खंडात पांढरेपणा असेल तर बहुधा न्यूमोनिया. उलटी किंवा अन्न श्वासातून आत गेलं की ते तिथेच उतरतं. मागच्या आणि वरच्या भागात असेल तर बहुधा पाणी. हृदय मोठं असेल तर ते हृदयाचं. पण विजेची वायर चावलेल्या पिल्लातही पाणी तिथेच दिसतं, आणि त्याचं हृदय अगदी नेटकं असतं. उंदराचं औषध खाल्लेल्या कुत्र्यात रक्त साचतं, आणि ते कुठेही साचू शकतं.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. फुप्फुसावर मलमलीचा पडदा टाकल्यासारखं धूसर दिसतं. रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट होतात, पण वाहिन्या दिसत राहतात. पाणी साचण्याची सुरुवात, विषाणूंचा संसर्ग, फुप्फुस निबर होणं, यांत असं दिसतं. स्पष्ट गोल गाठी दिसल्या तर गोष्ट वेगळी, तिथे कर्करोग पसरल्याची शंका घ्यावी लागते. काही मिलिमीटरहून बारीक गाठी एक्स-रेवर सापडत नाहीत. मुख्य म्हणजे हा धूसरपणा आजाराशिवायही येतो. कुत्र्याने श्वास सोडताना फोटो काढला, कुत्रा लठ्ठ असला किंवा बराच वेळ एका कुशीवर पडून राहिला, तरी फुप्फुस असंच दिसतं. म्हणून फोटो पूर्ण श्वास घेतलेल्या क्षणी काढायचा असतो. तो उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणा किंवा पालथा, असा तीन बाजूंनी काढणं चांगलं, कारण खाली दबलेल्या फुप्फुसातली हवा कमी होते आणि तिथला दोष झाकला जातो. उजव्या मधल्या खंडातला न्यूमोनिया डाव्या कुशीवरच्या फोटोत सर्वांत चांगला दिसतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, 11 वर्षांचा, 6 किलोचा पॉमेरेनियन आहे. चार महिने खोकला, मर्मर स्पष्ट, पण खाणंपिणं आणि फिरणं नेहमीसारखं. झोपेत मिनिटाला 22 श्वास. एक्स-रेवर हृदय मोठं दिसतं, डावा कर्णिका-भाग फुगलेला आहे आणि त्याने वरची श्वासनलिका थोडी उचलली आहे. इथे थांबलं तर निदान ‘हृदय’ असंच होईल. पण मागचं-वरचं फुप्फुस काळं आणि स्वच्छ आहे, रक्तवाहिन्या सुबक आहेत आणि कडांपर्यंत पांढऱ्या कड्या दिसतात. म्हणजे झडपेचा आजार आहे, पण फुप्फुसात पाणी नाही. खोकला सुजलेल्या नलिकांचा आहे, त्यात फुगलेल्या हृदयाच्या दाबाची भर असू शकते. या कुत्र्याला लघवीचं औषध दिलं तर शरीर कोरडं पडतं, कफ घट्ट होतो आणि खोकला जात नाही. त्याला सूज उतरवणारं औषध लागेल, तेही संसर्ग आणि जंत नाहीत याची खात्री करून. हृदयाचा विचार स्वतंत्रपणे, सोनोग्राफी करून करायचा.

सहा महिन्यांनी हाच कुत्रा झोपेत मिनिटाला 48 श्वास घेऊ लागला आणि नव्या फोटोत मागच्या-वरच्या भागात आधी धूसर, मग एकसंध पांढरे पट्टे दिसले, तर चित्र पालटलं. आता खरोखर पाणी आलं आहे, आणि फुरोसेमाइड तातडीने द्यायला हवं. अशा पाण्याची सुरुवात इंटरस्टिशियल दिसते आणि पुढे ते अल्व्हिओलर होतं. आजार एकच, टप्पे दोन. औषध लागू पडलं तर पांढरेपणा एक-दोन दिवसांत निवळू लागतो. न्यूमोनिया इतक्या लवकर हटत नाही, कुत्रा सावरल्यावरही फोटोतले डाग काही दिवस मागे राहतात. दोन फोटोंमधलं अंतरही म्हणूनच निदानाला मदत करतं.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ब्राँकायटिस असूनही एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. तीनही प्रकार एकाच छातीत मिसळलेले दिसतात, आणि त्याच फोटोवर दोन अनुभवी डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. एक्स-रे आजाराचं नाव सांगत नाही, तो आजाराची जागा दाखवतो. नाव ठरवायला कुत्र्याची लक्षणं, हृदयाचा आकार आणि गरजेनुसार नलिकेतल्या स्रावाची तपासणी यांची जोड लागते.

तुमच्या घरी म्हातारा, मर्मर असलेला कुत्रा असेल तर एक काम आजपासून करा. तो गाढ झोपला असताना छाती वर जाऊन खाली येणं म्हणजे एक श्वास, असं धरून अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा आणि वहीत लिहा. आकडा वारंवार 30 च्या वर जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि जुने फोटो सोबत न्या. आकडा 30 च्या आत असेल आणि खोकला मात्र सुरूच असेल, तर लघवीचं औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा: पांढरेपणा नेमका कुठे आहे?