उभ्या अहवालातील एक आडवे पान

सहकारी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल सिद्ध करणाऱ्या चिटणिसापुढे दरसाल एक अडचण उभी राहते. अहवालाचे मनोगत, लेखापरीक्षकांचा शेरा, संचालकांची नामावली आणि ठराव हा सारा मजकूर उभ्या पानावर सुखाने बसतो. परंतु शाखावार मासिक ठेवींचा तक्ता आला, म्हणजे शाखेच्या नावाचा एक रकाना, एप्रिलपासून मार्चपर्यंतचे बारा आणि एकूण रकमेचा शेवटचा असे चौदा रकाने मांडावे लागतात, आणि तेथे ए-४ आकाराचा कागद अपुरा पडतो. कागद २१ सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना वर्डमध्ये सामान्यतः आढळणारा २.५४ सेंटिमीटरांचा समास सोडला की मजकुरासाठी १५.९२ सेंटिमीटर उरतात. त्यांचे चौदा समान भाग केले तर प्रत्येक रकान्याच्या वाट्याला जेमतेम १.१४ सेंटिमीटर येतात, आणि त्यातूनही चौकटीच्या आत दोहों अंगांना सुटणारी मोकळी जागा वजा केली म्हणजे पाऊण सेंटिमीटर. ‘१२,४५,६००’ ही रक्कम त्यात एका ओळीत मावणे अशक्य. ती मधोमध तुटून दोन ओळींत पडते, आणि सभासदाला बारा लाख वाचावेत की पंचेचाळीस हजार, हेच समजेनासे होते.

अक्षरे बारीक करणे हा त्यावरचा सर्रास योजला जाणारा उपाय मला मुळीच मान्य नाही, कारण अहवाल वाचणारे पुष्कळ सभासद वयोवृद्ध असतात आणि ज्या तक्त्यासाठी ते अहवाल उघडतात तोच त्यांना वाचता येत नाही. तक्ता निराळ्या फाइलमध्ये आडवा छापून मागाहून टाचण्याचा दुसरा मार्ग आहे. पण त्यात पृष्ठांकांची साखळी तुटते आणि पुढे एक पान वाढले की अनुक्रमणिका चुकते. तेव्हा त्याच दस्तऐवजात तेवढेच पान आडवे करणे हाच योग्य मार्ग होय.

वर्ड हा कार्यक्रम पानाची दिशा, समास, शीर्षभागीचा व तळचा मजकूर यांची नोंद पानागणिक ठेवीत नाही. ती विभागागणिक, म्हणजे ‘सेक्शन’गणिक ठेवतो. सबंध दस्तऐवज आरंभी एकच विभाग असल्यामुळे नुसता ‘Landscape’ हा हुकूम दिला की सारीच पाने आडवी होतात. म्हणून तक्त्याच्या पूर्वी एक आणि तक्त्याच्या नंतर एक अशा दोन हद्दी आधी घालाव्या लागतात. तक्त्याच्या वरच्या परिच्छेदाच्या अखेरीस कर्सर ठेवून ‘Layout’ मधील ‘Breaks’ उघडावे आणि ‘Section Breaks’ या मथळ्याखालील ‘Next Page’ निवडावे; तक्ता संपल्यावर त्याच्या खालच्या ओळीत तेच पुन्हा करावे. त्याच यादीत वरती असलेला साधा ‘Page’ हा ब्रेक केवळ पान बदलतो, विभाग बदलत नाही, आणि घाईत तोच दाबला जाऊन सारा अहवाल आडवा होतो, असे वारंवार घडते. दोन्ही हद्दी पडल्यावर कर्सर तक्त्यात न्यावा, ‘Orientation’ मधून ‘Landscape’ निवडावे, आणि ‘Page Setup’ च्या चौकटीत ‘Apply to’ समोर ‘This section’ असल्याची खात्री करावी.

आता रुंदीचा हिशेब पाहू. आडव्या पानाची रुंदी २९.७ सेंटिमीटर, डावा-उजवा समास दीड-दीड सेंटिमीटर ठेवला तर २६.७ सेंटिमीटर हाती येतात. शाखेच्या नावाला तीन, एकूण रकमेला २.२ आणि उरलेल्या बारा महिन्यांना प्रत्येकी १.७९ सेंटिमीटर अशी वाटणी केली, म्हणजे आतली मोकळी जागा वजा जाता १.४१ सेंटिमीटर राहतात. नऊ पॉइंटांच्या साध्या टंकात सात अंक व दोन स्वल्पविराम सुमारे १.२७ सेंटिमीटर घेतात. रक्कम एका ओळीत बसते आणि अक्षरही वाचनीय राहते. वरचा समास मात्र पूर्वीइतकाच ठेवावा, कारण अहवाल डाव्या कडेला बांधला असता तक्त्याचा माथा बांधणीकडे यावा आणि वाचकाने अहवाल उजवीकडे फिरवून तक्ता वाचावा असा संकेत आहे. तेथे समास आखडला तर मथळाच शिवणीत जातो.

पानांक असलेला तळचा मजकूर हे यातील खरे नाजूक स्थळ. नवा विभाग निर्माण होताच त्याचा शीर्षभाग व तळभाग मागच्या विभागाशी जोडलेलाच असतो. ‘Link to Previous’ हे बटण दाबलेले दिसते आणि कडेला ‘Same as Previous’ अशी नोंद येते. आता पानांक उजव्या कडेस नेण्यासाठी टॅबचा थांबा १५.९२ सेंटिमीटरांवर ठेवला असेल, तर आडव्या पानावरही तो तेथेच थांबतो आणि अंक पानाच्या मध्याच्या जरा उजवीकडे लोंबकळतो. तो सरकवावा म्हणून थांबा बदलला की जोडणीमुळे उभ्या पानांवरचा अंक कागदाबाहेर जाऊ पाहतो. यासाठी प्रथम तिसऱ्या विभागाची जोडणी तोडावी, मग दुसऱ्याची, आणि त्यानंतरच दुसऱ्यातील थांबा हलवावा. याहून सुबक तजवीज म्हणजे थांब्याऐवजी ‘Insert Alignment Tab’ वापरून त्याला उजव्या समासाशी बांधणे. मग समास जिकडे जाईल तिकडे अंक आपोआप जातो आणि जोडणी तोडण्याचे कारणच उरत नाही. तिसऱ्या विभागात पानांक पुन्हा एकपासून सुरू झालेला दिसला, तर ‘Format Page Numbers’ मध्ये ‘Continue from previous section’ निवडावे.

तक्ता पानभर भरला असता त्यामागे एक कोरे आडवे पान निघते, याचे पुष्कळांना कोडे पडते. वर्ड तक्त्यानंतर एक परिच्छेद ठेवतोच, आणि दुसरी हद्द त्याच परिच्छेदात असते. त्याला पानावर जागा उरली नाही की तो एकटाच पुढच्या पानावर जातो. त्या रिकाम्या ओळीचा टंक एक पॉइंटाचा करून तिच्या मागचे-पुढचे अंतर शून्य केले की कोरे पान नाहीसे होते. ती ओळ दिसावी म्हणून Ctrl+Shift+8 दाबून लपलेल्या खुणा उघड कराव्यात. मग ‘Section Break (Next Page)’ अशी अक्षरे असलेली दुहेरी ठिपक्यांची रेघही दृष्टीस पडते.

या रेघेविषयी एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. जुन्या मोडी पत्रांत मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब उठवीत. तद्वत् विभागाची सारी व्यवस्था, म्हणजे त्याची दिशा, समास आणि पानांकांची पद्धत, त्याच्या प्रारंभी नव्हे, तर त्याच्या अखेरीच्या रेघेत साठविलेली असते. शेवटच्या विभागाची व्यवस्था दस्तऐवजाच्या अगदी अंती असते. म्हणून एखादी रेघ पुसली की वरचा मजकूर खालच्या विभागात सामील होतो आणि खालच्याचे नियम त्याला लागू होतात. पुढल्या वर्षी तक्ता नको झाला आणि कोणी पहिली रेघ आधी पुसली, तर मनोगतापासून ठरावापर्यंतची सारी उभी पाने तक्त्याच्या अमलाखाली येऊन एका क्षणात आडवी होतात. क्रम उलटा धरावा: प्रथम तक्त्याखालची रेघ पुसावी, म्हणजे तक्ता तिसऱ्या विभागात जाऊन उभ्या पानावर येईल, आणि मग वरची, तेव्हा दोन्ही बाजूंस उभीच पाने असल्यामुळे दिशा बिघडण्याचे कारण राहत नाही. पहिल्या विभागाचा शीर्षभाग निराळा असेल, तर तो मात्र आधी उतरवून ठेवावा, कारण त्याच्या जागीही तिसऱ्याचाच मजकूर येतो.